चेकआउटनंतर श्रवणयंत्र सापडलंय, पण विचारणारा नंबर अनोळखी. उत्तर कसं लिहू?

मालिनी_शिवोली

नमस्कार मंडळी. शिवोलीला आमचं छोटं होमस्टे आहे. काल सकाळी सोलापूरचं एक कुटुंब चेकआउट करून गेलं. आजी-आजोबा, त्यांची मुलगी आणि नातू. बुकिंग मुलीच्या नावावर, साइटवरून केलेलं. दुपारी धुण्याचं गाठोडं म्हापशाला पाठवण्याआधी आमची शेवंती उशांचे अभ्रे झटकत होती, तर एका अभ्र्याच्या कोपऱ्यातून आजोबांचं कानाचं मशीन खाली पडलं. एकच आहे, जोडी नाही. एवढीशी वस्तू, लॉन्ड्रीत गेली असती तर संपलंच होतं.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एका अनोळखी नंबरावरून मेसेज आला: "मी त्यांचा मुलगा. बाबांचं हिअरिंग एड तुमच्याकडे राहिलंय. फोटो पाठवा आणि पुण्याच्या या पत्त्यावर कुरियर करा. पैसे देतो." हा मुलगा मुक्कामाला नव्हता. आमच्या रजिस्टरमध्ये पत्ता सोलापूरचा आहे. माणूस खरा असेल, बहुतेक खराच असेल. पण गेल्या मोसमात शेजारच्या गेस्ट हाऊसने सापडलेल्या घड्याळाचा फोटो ग्रुपवर टाकला होता आणि एकाच घड्याळावर दोघांनी हक्क सांगितला होता, म्हणून मी सावध आहे.

उत्तर अजून पाठवलेलं नाही. कच्चं लिहिलंय ते असं:

"नमस्कार. हो, मशीन सापडलं आहे, सुरक्षित आहे. फोटो सोबत. ओळखीसाठी आधार कार्ड पाठवा. कुरियरचे २५० रुपये या नंबरवर टाका, म्हणजे उद्या पाठवते."

यात काय बदलू? आजोबा मशीनशिवाय बसले असतील, त्यामुळे फार लांबवायचंही नाही.

जुना_चावीवाला

मालिनीताई, मेसेज पाठवला नाहीत ते उत्तम. पणजीतल्या एका हॉटेलात हाउसकीपिंगमध्ये माझा जन्म गेला. लॉस्ट अँड फाउंडचं कपाट आणि त्याचं रजिस्टर माझ्याच ताब्यात असायचं. तुमचा मसुदा मनाने चांगला आहे, पण त्यात क्रम उलटा झालाय. फोटो गेला की समोरच्याला विचारण्यासारखं तुमच्याकडे काही उरत नाही. वर्णन मागणाऱ्याने करायचं असतं आणि आपण ते हातातल्या वस्तूशी ताडून बघायचं असतं. म्हणून पहिल्या उत्तरात "सापडलं" हा शब्दसुद्धा नको. "चौकशी नोंदवली आहे, तपासून कळवते" एवढंच लिहायचं.

दुसरी गोष्ट, उत्तर त्या नवीन नंबरावर देऊन थांबू नका. तुमचा खरा पाहुणा कोण? जिच्या नावावर बुकिंग आहे ती. साइटवरच्या तिच्या संभाषणात तिला लिहा, कारण तिथे लॉगिन करून उत्तर देणारी व्यक्ती तीच असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. चेकइनच्या वेळी रजिस्टरमध्ये लिहिलेल्या मोबाइलवरही फोन करा. ओळख पटवण्याचं निम्म्याहून जास्त काम इथेच होतं, त्याला आधार लागत नाही.

साइटवर असं लिहा:

"नमस्कार. आपल्या कालच्या मुक्कामाबद्दल एका वस्तूची चौकशी आमच्याकडे दुसऱ्या नंबरावरून आली आहे. आपल्यापैकी कोणाचं काही राहिलं आहे का? राहिलं असल्यास वस्तू कोणती, रंग, काही खूण आणि शेवटची कुठे ठेवल्याचं आठवतं, ते कृपया इथेच लिहा. नोंदीशी जुळलं की पाठवण्याचं पुढचं बोलू."

वस्तूचं नाव नाही, विचारणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. आणि त्या मुलाला मानाने लिहा: "चौकशी मिळाली. बुकिंग ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशी बोलून आजच कळवते." खरा मुलगा असेल तर तोच बहिणीला फोन करून "साइटवर उत्तर दे" म्हणून सांगेल.

रघुवीर_फोंडा

एवढा घोळ कशाला? आधारच्या दोन्ही बाजू आणि आधार हातात धरून काढलेला सेल्फी मागवा, विषय संपला. कुरियरचे पैसे आल्याशिवाय वस्तू सोडायची नाही, हा कायद्याने तुमचा हक्क आहे. आणि ३० दिवसांत कोणी नेली नाही तर वस्तू तुमची होते.

जुना_चावीवाला

रघुवीरराव, पैशांबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम १६८: वस्तू सापडलेल्याने ती जपण्यासाठी आणि मालक शोधण्यासाठी केलेला खर्च मिळेपर्यंत ती स्वतःकडे ठेवता येते. खर्चासाठी मात्र मालकावर दावा लावता येत नाही, बक्षीस जाहीर केलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

३० दिवसांचं म्हणणं मात्र सोडून द्या. मुदत संपली म्हणून वस्तू आपली होत नाही. कलम १६९ विकायची परवानगी देतं, तीही अशा वस्तूंबाबत ज्या एरवी विकल्या जातात. त्यातही मालक रीतसर शोधूनही सापडला नाही किंवा रास्त खर्च द्यायला नाही म्हणाला, आणि शिवाय वस्तू नासायला आली किंवा खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला, तरच. हॉटेलं तीन महिने, सहा महिने ठेवतात तो त्यांचा आपला नियम असतो. उलट दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःच्या वापरात आणली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागतं.

आणि आधार. चेकइनला ओळखपत्र घेतलेलंच आहे ना? मग पुन्हा कशाला? मुलाच्या आधारवरून तो कोण आहे हे कळेल, मशीन त्याच्या बापाचं आहे हे कळणार नाही. शिवाय आलेली आधारची चित्रं तुमच्या फोनमध्ये पडून राहणार, आणि फोन उद्या शेवंतीच्या मुलाच्या हातात. मागायचंच झालं तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा, तेही पार्सल हातोहात न्यायला कोणी आलं तर.

भटक्या_सातारा

सगळ्या होमस्टेवाल्यांना एकच विचारायचंय. वस्तू परत करायला तुम्हाला एवढ्या अटी कशाला लागतात? कळंगुटला एका ठिकाणी माझा २०,००० एमएएचचा पॉवर बँक राहिला. फोन केला तर "आहे, पण कुरियरवाले घेत नाहीत, येऊन न्या." साताऱ्याहून येऊ का मी? सरळ सरळ ढापायचा विचार आहे. मालिनीताई, तुम्हीपण आता त्या आजोबांना असंच लटकवणार का?

मालिनी_शिवोली

नाही हो दादा, मला तर लवकरात लवकर पाठवायचंय, म्हणूनच इथे विचारतेय. तुमची गोष्ट वेगळी दिसते. कुरियरमधलं कोणीतरी सांगेल.

काउंटर_म्हापसा

मी सांगतो. म्हापशात कुरियरच्या काउंटरवर बसतो. भटक्यादादा, त्या गेस्ट हाऊसने तुम्हाला फसवलं असं लगेच धरू नका. पॉवर बँक म्हणजे सुटी लिथियम बॅटरीच, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. आमच्या पार्सलपैकी बरीच विमानाने जातात, त्यामुळे काउंटरवरचा पोरगा पॉवर बँक बघितला की परत करतो. मार्ग आहे: रस्त्याने जाणारं सरफेस पार्सल, आणि आत काय आहे ते कागदावर खरं लिहायचं. सगळ्याच शाखा घेत नाहीत, दोन-तीन ठिकाणी विचारावं लागतं. तुमच्या बाबतीत आणखी सोपं म्हणजे म्हापशाहून रात्री पुण्याच्या खाजगी बसगाड्या साताऱ्यावरून जातात, त्या पार्सल घेतात. तिथे ट्रॅकिंग वगैरे नसतं. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन एवढ्यावर सगळं चालतं. पॉवर बँकच्या किमतीला ते चालून जावं.

मालिनीताईंच्या मशीनसाठी मात्र बस नको. आधी एक सांगा, ते चार्जिंगवर चालणारं आहे की सेल घालायचं? चार्जिंगचं असेल तर आत लिथियम असतो आणि तसं काउंटरवर सांगावं लागतं.

कर्णिका

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कोल्हापूरला. इथे खूप उपयोगाचं सांगता येईल असं वाटतंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मालिनीताई, मशीन पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडात बघा. कुठेतरी एक बारीक ठिपका किंवा रंगीत खूण असेल. लाल म्हणजे उजवा कान, निळा म्हणजे डावा. ती कधी सेलच्या झाकणाच्या आत असते, कधी वायरच्या मुळाशी. मग झाकण नखाने हळूच उघडा. आत गोल, चपटा सेल निघाला तर ते झिंक-एअरचं मशीन, त्यात लिथियम नाही, म्हणजे काउंटरवाल्या दादांचा प्रश्न सुटला. झाकण उघडतच नसेल तर बहुधा चार्जिंगचं. सिरियल नंबर मशीनच्या अंगावर किंवा सेलच्या कप्प्यात इतक्या बारीक अक्षरात असतो की फोनच्या कॅमेऱ्याने मोठा करूनच वाचावा लागतो. तो तुमच्या वहीत लिहून ठेवा आणि कोणालाही सांगू नका.

आता पाहुण्यांना विचारायचे प्रश्न. मशीन कोणत्या कानाचं? कानामागे बसतं की कानात? सेलचं की चार्जिंगचं? सेलचं असेल तर नव्या सेलवरचं स्टिकर कोणत्या रंगाचं? ३१२ नंबरच्या सेलला तपकिरी असतं, १३ ला नारिंगी, १० ला पिवळं. घरात दर आठवड्याला जो सेल बदलतो त्याला हा रंग झोपेतही आठवतो, आणि तिऱ्हाइताला तो सुचणारसुद्धा नाही. शेवटी वॉरंटी कार्डावरच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे. कार्ड सापडत नसेल तर जिथून मशीन घेतलं त्या क्लिनिकमध्ये नोंद असते, एका फोनवर मिळते.

एक सावधगिरी. कानाच्या प्रश्नावर घरचे लोक हमखास चुकतात. समोर बसून आजोबांना मशीन घालून देणाऱ्याला उजवा कान आपल्या डाव्या हाताला दिसतो. तेवढ्यावरून त्यांना खोटं ठरवू नका. सिरियल जुळला की बाकीची चूक माफ.

आणि मशीन जपा, तुमच्याकडे हवा दमट. सेल काढून ठेवा, झाकण उघडंच राहू द्या. डबीत औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी टाका. पाण्याने किंवा स्पिरिटने पुसू नका, मळ दिसला तरी नका. कोरड्या मऊ फडक्याने वरवर पुसलं की पुरे.

मालिनी_शिवोली

कर्णिकाताई, केवढं काम केलंत! बघितलं. खूण लाल आहे, सेल आत आहे. सिरियल कॅमेऱ्याने वाचला आणि वहीत उतरवला. शेवंतीने स्वतःहून एक स्टीलची डबी आणून दिली.

साइटवर मुलीला चावीवाला काकांच्या शब्दांत लिहिलंय, आणि त्या दुसऱ्या नंबरालाही. आता वाट बघते. तोवर काउंटरवाल्या दादांना विचारते, खर्च किती सांगू? २५० मी अंदाजाने लिहिले होते.

काउंटर_म्हापसा

ताई, अंदाजाने रक्कम कधीच सांगू नका. कमी सांगितली तर वरचे पैसे तुमच्या खिशातून जातात, जास्त सांगितली तर पाहुणा समजतो की तुम्ही त्यात कमावलंत. आधी खोका ठरवा, मग रक्कम.

मशीनचं वजन काही ग्रॅम. पण खाजगी कुरियर विमानाने पाठवताना खोक्याच्या आकाराचंही वजन काढतो: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. लोक प्रेमाने मोठ्या खोक्यात भरपूर कागद कोंबून आणतात. २० बाय १५ बाय १० चा खोका झाला ३,००० भागिले ५,००० म्हणजे ६०० ग्रॅम. अर्ध्या किलोचा टप्पा ओलांडला आणि एक किलोचे पैसे लागले. तीच डबी १५ बाय १० बाय ८ च्या खोक्यात घातली तर २४० ग्रॅम. पाठवायची वस्तू तीच, पैशांत मात्र जवळजवळ दुपटीचा फरक. स्टीलची डबी, तिच्याभोवती फुग्यांचं प्लास्टिक, आणि खोका छोटा पण जाड.

मी कुरियरवाला असूनही सांगतो, या वस्तूला स्पीड पोस्ट बघा. रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन झालंय. थोडे जास्त पैसे भरून नोंदणी घेतली की ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हातात द्यायची सोय होते, आणि ओटीपीवर डिलिव्हरीही घेता येते. तुमच्या केसमध्ये ओटीपी म्हणजे ओळखीची आणखी एक कडी.

विमा मात्र विसरू नका. साधं स्पीड पोस्ट हरवलं तर भरपाई भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते. श्रवणयंत्राची किंमत त्याच्या कितीतरी पट असते. विम्यासाठी किंमत सांगावी लागते आणि ती तुम्ही ठरवू नका. पाहुण्याकडून लेखी घ्या: "किंमत एवढी, विमा हवा" किंवा "विमा नको, जबाबदारी माझी."

पाळोळेवाली

मी काणकोणला दोन खोल्या चालवते. मला हे सगळं जरा परकं वाटतं. आमच्याकडे काही राहिलं की मी लगेच फोन करते, "तुमचं अमुक राहिलं", आणि चष्मा-चार्जरसारखं असेल तर माझ्या खर्चाने पाठवते. पाहुणा आहे तो. त्याला प्रश्नपत्रिका काय द्यायची? अजून कोणी फसवलेलं नाही.

जुना_चावीवाला

ताई, तुमच्या मनाचा मोठेपणा दिसतो आणि दोन खोल्यांना तो परवडतो, कारण प्रत्येक पाहुणा तुम्हाला चेहऱ्याने माहीत असतो. पण स्वतःहून फोन करण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. आमच्याकडे सक्त नियम होता: पाहुण्याने विचारल्याशिवाय आपण कळवायचं नाही. एकदा एका गृहस्थांची शाल आणि एका बाईंची कर्णफुलं एकाच खोलीत राहिली होती. नव्या मुलाने भाबडेपणाने रजिस्टरमधल्या घरच्या नंबरावर फोन लावला. फोन ज्यांनी उचलला त्यांना हे गृहस्थ गोव्यात आहेत हेच माहीत नव्हतं. पुढचं लिहीत नाही. कोण कोणाबरोबर कुठे राहिलं, ही माहिती जपणं हाही आपल्या सेवेचाच भाग आहे.

पाळोळेवाली

मग औषधं राहिली तर? इन्सुलिन फ्रिजमध्ये विसरून गेलेल्या आजींना मी विचारायची वाट बघत बसू? त्यांना आठवेपर्यंत रात्र होईल. मला हे पटत नाही.

जुना_चावीवाला

औषध, पासपोर्ट, कानाचं मशीन, यांना नियम वेगळा हवा हे मान्य. तिथे फक्त ज्याने चेकइन केलं त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर करायचं, आणि वस्तूचं नाव न घेता "कृपया आम्हाला फोन करा" एवढंच. पण कपडे, दागिने, भेटवस्तू यांना मी अजूनही कळवणार नाही.

पाळोळेवाली

दागिन्यांनाही मी कळवेन. हरवलेलं मंगळसूत्र शोधत एखादी बाई रात्रभर रडत असेल आणि मी नियम धरून गप्प बसू? राहू द्या, यावर आपलं जमणार नाही.

मालिनी_शिवोली

मुलीचं उत्तर आलं! साइटवरच. लिहिते: "हो, बाबांचं कानाचं मशीन. गाडीत बसल्यावर लक्षात आलं. विचारणारा माझा भाऊ आहे. आई-बाबा आता थेट पुण्याला त्याच्याकडेच गेलेत, म्हणून पत्ता पुण्याचा." मी कर्णिकाताईंचे प्रश्न विचारले. कानामागचं, सेलचं, तपकिरी स्टिकर, सगळं बरोबर. कान मात्र डावा सांगितला! आधीच माहीत होतं म्हणून दचकले नाही. वॉरंटी कार्ड सोलापूरला घरी आहे, म्हणून तिने क्लिनिकमध्ये फोन करून सिरियलचे शेवटचे चार आकडे मिळवले. जुळले. रजिस्टरमधल्या नंबरावर फोन करून तिच्याशी बोललेही.

आता अडचण दुसरीच आहे. खर्च सांगून माझा क्यूआर कोड भावाला पाठवला, तर तो म्हणतो, "आधी पैसे टाकणार नाही. हॉटेलच्या नावाने क्यूआर पाठवून फसवल्याच्या बातम्या रोज येतात. तुम्ही खऱ्या कशावरून?" मला वाईट वाटलं, पण त्याचं म्हणणं खोटं नाही.

जुना_चावीवाला

त्याचं अगदी बरोबर आहे, ताई, आणि वाईट वाटून घेऊ नका. आपण त्याची ओळख विचारली, तो आपली विचारतोय. क्यूआर त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नको. बहिणीने ज्या संभाषणात बुकिंग केलं तिथेच सगळं लिहा: पोस्टाचं शुल्क, विमा, खोका, प्रत्येकाची रक्कम वेगळी, आणि पैसे टाकताना स्क्रीनवर कोणाचं नाव दिसेल तेही. तिथे तुम्ही कोण हे साइटने आधीच तपासलेलं असतं.

तरी नको म्हणाला तर दोन वाटा. एक, काही खाजगी कुरियर टू-पे घेतात, म्हणजे पार्सल हातात आल्यावर ते घेणाऱ्याने पैसे द्यायचे. दोन, तो स्वतः अ‍ॅपवरून पिकअप बुक करतो आणि तुम्ही फक्त पार्सल देता. पण दुसऱ्या वाटेने गेलात तर न्यायला आलेल्या मुलाकडून पिकअप क्रमांक ऐकून तो बहिणीने साइटवर पाठवलेल्या क्रमांकाशी जुळला तरच द्या. "मशीन न्यायला आलोय" एवढं कोणीही म्हणू शकतो.

काउंटर_म्हापसा

टू-पे सगळ्या शाखांत नसतं आणि त्याला वर थोडा आकार लागतो, आधी विचारून घ्या. आणि पैसे घेण्यासाठी कोणालाही पिन टाकायला सांगू नका, कोणी सांगितलं तर टाकू नका. पिन फक्त देताना लागतो. भावाला हेही कळवा, त्याला धीर येईल.

रघुवीर_फोंडा

मी अजून म्हणतो, भावाचं आधार घेऊन ठेवलं असतं तर पुढे वाद झाल्यास हातात पुरावा असता.

जुना_चावीवाला

पुरावा हवाच, रघुवीरराव, पण तो वस्तूचा. मालिनीताई, बांधण्याआधी मशीन आणि सिरियल एका फोटोत घ्या, मग उघड्या खोक्यातली डबी, मग बंद खोका पत्त्यासकट. वहीत त्या नोंदीपुढे लिहा: कधी, कोणत्या खोलीत, अभ्र्यात, शेवंतीला सापडलं, कोणी मागितलं, कशावरून जुळलं, पोस्टाची पावती क्रमांक. शेवंतीची सही घ्या. उद्या कोणी विचारलं तर तिच्यावर संशय येऊ नये, यासाठी ती सही सगळ्यात महत्त्वाची. किती मुलींना मी विनाकारण रडताना पाहिलंय.

मालिनी_शिवोली

शेवटी बहिणीने साइटवरच लिहिलं, "मी पैसे टाकते, भावाच्या नावावर पाठवा," आणि विम्यासाठी मशीनची किंमतही लिहून दिली. मी पाठवलेला मेसेज इथे चिकटवते, कोणाच्या उपयोगी पडला तर:

"नमस्कार. आपण दिलेलं वर्णन आणि सिरियलचे शेवटचे आकडे आमच्या नोंदीशी जुळले आहेत. वस्तू आपण इथे लिहिलेल्या पुण्याच्या पत्त्यावर, आपल्या भावाच्या नावे, विम्यासह स्पीड पोस्टाने पाठवत आहोत. विमा आपण लिहिलेल्या किमतीचा आहे. पोस्टाचं शुल्क आणि विमा पावतीप्रमाणे, खोक्याचे २० रुपये वेगळे. पावतीचा फोटो इथे टाकला आहे. आमच्याकडून सेवा आकार नाही. पैसे टाकताना स्क्रीनवर माझंच नाव दिसेल, दुसरं दिसल्यास टाकू नये. ट्रॅकिंग क्रमांक १३ अक्षरांचा आहे, तोही इथेच देत आहे. दुसऱ्या नंबरावरून लिंक आल्यास उघडू नये. डिलिव्हरीच्या वेळी ओटीपी भावाच्या मोबाइलवर येईल, तो फक्त पोस्टमनलाच सांगावा. आतला सेल वेगळा काढून ठेवला आहे, नवा घालावा लागेल."

म्हापशाच्या पोस्टात पार्सल दिलं. शेवंतीची सही घेतली.

कर्णिका

सेलचं लिहिलंत ते फार छान. झिंक-एअरचं स्टिकर एकदा काढलं की सेल वापरला नाही तरी उतरत जातो. आजोबांनी तोच घातला असता आणि मशीन बिघडलं असं वाटलं असतं.

भटक्या_सातारा

काउंटरवाल्या दादा, कळंगुटवाल्यांना बसचं सांगितलं. ते म्हणतात, पॉवर बँकवर नाव नाही, तुमचाच कशावरून? मॉडेल तर सांगितलं, पण त्याच मॉडेलचे दोन पडलेत म्हणे त्यांच्याकडे. आता काय सांगू?

जुना_चावीवाला

ओरखडा, स्टिकर, सोबतच्या केबलचा रंग, खरेदीचं ऑनलाइन बिल, यातलं काय आठवतं? आणि खोली क्रमांक सांगा. त्यांनी रजिस्टर नीट ठेवलं असेल तर कोणता कुठल्या खोलीतला हे लिहिलेलं असेल.

भटक्या_सातारा

केबल लाल, एका टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. खोली वरच्या मजल्यावरची, नंबर बिलावर बघतो. संध्याकाळी फोन करतो त्यांना.